दात उजळवण्याच्या ऑफरची रील: व्हॉइसओव्हरमध्ये काय बोलायचं आणि काय टाळायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दातांच्या दवाखान्यांसाठी मी मराठी रील्सच्या संहिता लिहिते आणि बऱ्याचदा आवाजही माझाच असतो. सणासुदीच्या आणि लग्नसराईच्या आधी एकच मागणी जास्त येते: "व्हाइटनिंगची ऑफर आहे, तीस सेकंदांचं काहीतरी झकास लिहून द्या." त्या वेळी डॉक्टर, त्यांच्याकडे सोशल मीडिया सांभाळणारी मुलं आणि नवे आवाज कलाकार मला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

तीस सेकंदांच्या रीलसाठी एवढा विचार कशाला? लोक ऐकतात आणि पुढे सरकतात.

सगळेच पुढे सरकत नाहीत. काही जण ऐकून थेट दवाखान्यात येतात, आणि येताना तुमचं वाक्य सोबत घेऊन येतात.

माझ्या सुरुवातीच्या एका संहितेत मी "सगळे दात एकसारखे चमकतील" असं लिहिलं होतं. कानाला छान वाटलं, डॉक्टरांनीही वाचून हो म्हटलं. ती रील पाहून एक तरुण आला. लग्न बारा दिवसांवर होतं. वरच्या पुढच्या दातांपैकी एकावर कॅप होती, लहानपणी क्रिकेटचा चेंडू लागून दात तुटला होता. व्हाइटनिंग झालं. बाकीचे दात उजळले आणि कॅप होती तशीच राहिली, कारण कॅपच्या सिरॅमिकवर जेलचा काही परिणाम होत नाही. आधी जी कॅप कोणाच्या लक्षातही येत नव्हती, ती आता मधोमध पिवळी दिसू लागली. नवी कॅप करायची, तर तिचा रंग जुळवण्यासाठी उजळलेल्या दातांचा रंग आधी स्थिरावा लागतो. त्याला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात. लग्न त्याआधी होतं.

डॉक्टरांनी विचारायला हवं होतं, हे खरं. पण तो मुलगा मनात "सगळे दात" घेऊन आला होता आणि ते दोन शब्द माझे होते. तेव्हापासून मी व्हाइटनिंगच्या प्रत्येक संहितेत कॅपचा उल्लेख आवाजात ठेवते. कॅप्शनमध्ये ढकलून देत नाही.

लिहिणाऱ्याला व्हाइटनिंगबद्दल नेमकं किती माहीत असावं?

इतपत, की आपलं कुठलं वाक्य खोटं पडेल हे कळावं.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. ते काहीसं पारदर्शक असतं. त्याच्या आत डेंटिन असतं आणि त्याचा रंग मुळातच पिवळसर असतो. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं आणि आतला पिवळेपणा जास्त दिसू लागतो. म्हणजे पिवळसर दात हा आजार नाही. पूर्ण निरोगी दातही पिवळसर असू शकतो, आणि पांढराशुभ्र दिसणारा दात आतून किडलेला असू शकतो. "पांढरे दात म्हणजे निरोगी दात" हे वाक्य मी अनेक मसुद्यांत वाचलं आहे. ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण हा वैद्यकीय दावा आहे आणि तो चुकीचा आहे.

डाग दोन तऱ्हेचे असतात. एक पृष्ठभागावर बसलेले: चहा, तंबाखू, गुटखा आणि आपल्याकडे अजूनही घरोघरी सापडणारी मिशरी. काही माऊथवॉश फार दिवस वापरले तरी तपकिरी थर चढतो. हे डाग बऱ्याच प्रमाणात सफाईने, म्हणजे स्केलिंग आणि पॉलिशिंगने निघतात. त्यात दाताचा मूळ रंग बदलत नाही, वरचा थर जातो. दुसरे दाताच्या आत मुरलेले असतात. व्हाइटनिंगचं जेल काम करतं ते आतल्या रंगावर. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. ते इनॅमलमधून आत झिरपतं आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतं, म्हणून दात फिका दिसतो. दवाखान्यात वापरायचं जेल तीव्र असतं, साधारण 25 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं. म्हणूनच आधी हिरड्यांवर संरक्षक थर लावतात. घरी ट्रेमधून लावायचं जेल सौम्य असतं आणि ते काही आठवडे लावावं लागतं.

सगळे आतले डाग सारखे हलत नाहीत. लहानपणी टेट्रासायक्लीन हे अँटिबायोटिक घेतल्यामुळे आलेले करडे पट्टे फार हट्टी असतात. पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे येतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत असे दात पुष्कळ पाहायला मिळतात. अशा दातांवर जेल लावलं तर भोवतालचा दात उजळतो आणि पांढरा चट्टा काही काळ उलट उठून दिसू शकतो. त्या भागातल्या दवाखान्यासाठी "कुठलाही डाग घालवा" असं लिहिणं म्हणजे तिथल्या माणसांना आधीच चुकीचं सांगणं.

आमचा मसुदा तयार आहे. त्यात चुकतं कुठे, ते दाखवाल का?

दाखवते. सांगलीकडच्या एका दवाखान्याने मला पाठवलेला मसुदा जवळपास असा होता. जवळपास सगळे मसुदे असेच असतात.

> "पिवळ्या दातांची लाज वाटते? आता चिंता सोडा! आमच्या अत्याधुनिक लेझर व्हाइटनिंगने फक्त एका तासात मिळवा मोत्यांसारखे शुभ्र दात, तेही कायमचे! शंभर टक्के सुरक्षित, अजिबात त्रास नाही. बारा हजारांची ट्रीटमेंट आता फक्त साडेसहा हजारात, सोबत क्लिनिंग अगदी मोफत! ऑफर मर्यादित, आजच या!"

"लाज वाटते?" हे मी पहिल्यांदा काढते. ज्याला आजवर लाज वाटत नव्हती, त्यालाही ती वाटायला लावायची आणि मग इलाज विकायचा, हे दवाखान्याच्या तोंडी शोभत नाही.

"लेझर" म्हटलं की माझा डॉक्टरांना एकच प्रश्न असतो: यंत्रावर काय लिहिलंय? बहुतेक ठिकाणी तो एलईडीचा निळा दिवा निघतो. दिवा म्हणजे लेझर नाही. शिवाय रंग बदलण्याचं मुख्य काम जेल करतं. दिव्याने अंतिम निकालात फारसा फरक पडतो का, यावर दंतवैद्यकात मतभेद आहेत. दिवा चित्रात दिसू द्या, पण आवाजात त्याला श्रेय देऊ नका.

"एका तासात" हे बैठकीच्या वेळेबद्दल असेल तर खरं असू शकतं. ऐकणारा मात्र ते निकालाबद्दल समजतो. काहींना दुसरी बैठक लागते, काहींना घरचा ट्रे पुढे चालू ठेवावा लागतो.

"कायमचे" तर सरळ असत्य आहे. परिणाम काही महिने टिकतो, कुणाला वर्ष-दोन वर्षं. चहा-कॉफी किती, तंबाखू आहे का, यावर ते ठरतं.

"शंभर टक्के सुरक्षित, अजिबात त्रास नाही" हे या मसुद्यातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे. पुष्कळ लोकांचे दात व्हाइटनिंगनंतर थोडे दिवस शिवशिवतात. गार पाणी लागलं की सणक जाते. जेल हिरडीला लागलं तर तिथे पांढरं पडून चुरचुरतं. हे बहुधा आपोआप थांबतं, म्हणून घाबरवायचं कारण नाही. पण ज्याला "अजिबात नाही" असं सांगितलं, त्याला रात्री सणक गेली की तो आपल्या दाताचं काहीतरी बिघडलं असंच समजणार. शिवाय कीड असलेल्या किंवा तडा गेलेल्या दातांवर उपचाराआधी जेल लावत नाहीत. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना सहसा पुढे ढकलतात. अठराच्या आतल्या मुलांना बहुतेक डॉक्टर नाहीच म्हणतात. एवढे अपवाद असताना शंभर टक्के येणार कुठून?

किमतीबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

मग दुरुस्त केलेली संहिता कशी दिसते?

त्याच दवाखान्यासाठी शेवटी हे वाचलं:

> "दातांवर पिवळसरपणा दिसतोय? त्याची कारणं वेगवेगळी असतात, म्हणून आधी तपासणी. काही डाग नुसत्या सफाईनेच निघतात. व्हाइटनिंग योग्य ठरलं, तर तुमचे नैसर्गिक दात आजच्यापेक्षा उजळ दिसू शकतात. किती, ते प्रत्येकाचं वेगळं. कॅप आणि फिलिंगचा रंग मात्र बदलत नाही. थोडे दिवस दात शिवशिवू शकतात. या महिन्यात तपासणी, सफाई आणि व्हाइटनिंग मिळून साडेसहा हजार रुपये. आधी दाखवून घ्या, मग ठरवा."

हे साठ शब्दांच्या आत बसतं. मराठीत सेकंदाला दोन शब्द हा माझा सुखाचा वेग आहे, त्यामुळे तीस सेकंदांत श्वास घ्यायला जागा उरते. आधीच्या मसुद्यात शब्द याहून कमी होते आणि तरी तो घाईत वाचावा लागत होता, कारण प्रत्येक शब्दावर जोर द्यायचा होता.

डॉक्टरांना "काही डाग नुसत्या सफाईनेच निघतात" हे वाक्य नको होतं. "मग लोक सफाईच करून जातील," असं ते म्हणाले. मी ते ठेवायचा आग्रह धरला. ज्याच्या दातांवर फक्त मिशरीचा थर आहे, त्याला व्हाइटनिंग विकायचं का, हा प्रश्न डॉक्टरांच्या खुर्चीपाशी येणारच आहे. तो रीलमध्येच मोकळेपणाने आला की ऐकणाऱ्याला कळतं, इथे आधी बघतात आणि मग सांगतात. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि वाक्य राहिलं.

"मोत्यांसारखे दात" ही तर आपल्या भाषेतली उपमा आहे. तीही वापरायची नाही का?

उपमा वाईट नाही. "मोत्यासारखे दात", "कुंदकळ्यांसारखे दात", "डाळिंबाच्या दाण्यांसारखे दात" हे आपण आजीच्या तोंडून ऐकत आलो. त्यातलं कौतुक निव्वळ रंगाचं नाही. सारखे, ठसठशीत, एका ओळीतले दात असा त्यात अर्थ आहे. खरा मोती तर बहुधा पांढराफटक नसतो, त्यात पुष्कळदा किंचित पिवळसर झाक असते.

अडचण येते ती क्रियापदापाशी. "मोत्यांसारखे दात सगळ्यांनाच आवडतात" हे चालतं. "मोत्यांसारखे दात मिळवा" म्हटलं की ती उपमा राहत नाही, ते वचन होतं. व्हाइटनिंगने दातांची ठेवण बदलत नाही, फटी बुजत नाहीत, वाकडा दात सरळ होत नाही. म्हणून ऑफरच्या रीलमध्ये मी उपमा टाळते आणि "आजच्यापेक्षा उजळ" एवढंच म्हणते. तुलना माणसाच्या स्वतःच्याच दातांशी राहिली पाहिजे. "शुभ्र", "पांढरेशुभ्र", "दुधासारखे" हे शब्द शेवटचा रंगच सांगून टाकतात. "आजच्यापेक्षा उजळ" फक्त दिशा सांगतं, आणि खात्रीने सांगता येते ती दिशाच.

यंत्र देणारी कंपनी "आठ शेडपर्यंत" म्हणते. तो आकडा आवाजात घ्यावा का?

घेऊ नका. कारण तो आकडा कसा मोजतात हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसतं.

डॉक्टर दाताशेजारी नकली दातांची एक पट्टी धरून रंग जुळवतात. सर्वांत रुळलेल्या व्हिटा क्लासिकल पट्टीत 16 छटा आहेत. त्यांना ए, बी, सी, डी अशा गटांत आकडे दिलेले असतात. व्हाइटनिंग मोजताना मात्र याच छटा उजळ ते गडद अशा क्रमाने लावतात. त्या क्रमात बी1 पहिली, ए1 दुसरी, ए2 पाचवी आणि ए3 नववी येते. एखाद्याचा दात ए3 वरून ए1 वर आला, तर क्रमाने मोजल्यावर सात शेडचा फरक होतो. डॉक्टर त्याच दाताला "ए3 चा ए1 झाला" म्हणतात, तेव्हा तो दोन पायऱ्यांचा वाटतो. दात तोच, बदल तोच, पण आकडा कुठे दोन आणि कुठे सात.

कानाला "आठ शेड" म्हणजे आठपट पांढरं असं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात आरशात पाहणाऱ्या माणसाला छान, दिसण्याजोगा, पण बेताचा फरक दिसतो. ज्याचे दात मुळातच ए1 आहेत, त्याच्यासाठी पट्टीवर आठ पायऱ्या वर जायला जागाच नाही. पट्टी दाखवायची असेल तर चित्रात दाखवा. डॉक्टर ओठ बाजूला करून पट्टी दाताशी धरतात, हे दृश्य प्रामाणिक आहे आणि लोकांना ते बघायला आवडतं.

प्रत्येक वाक्याला "शकतात" जोडलं की दावा अतिरंजित राहत नाही ना?

ही पळवाट फार वापरली जाते. "एका बैठकीत दहा शेड पांढरे होऊ शकतात" यात "शकतात" आहे, पण ऐकणाऱ्याच्या कानात "एक" आणि "दहा" राहतं. "पर्यंत" या शब्दाचंही तसंच. "पन्नास टक्क्यांपर्यंत" ऐकणारा पन्नासच धरतो.

शिवाय आवाजात एक वेगळी गोष्ट घडते, जी कागदावर दिसत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि वाक्याच्या शेवटी श्वास संपत आलेला असतो. "उजळ दिसू शकतात" वाचताना "उजळ" ठसठशीत येतं आणि "शकतात" पुटपुटल्यासारखं गळून पडतं. सांगलीच्या रेकॉर्डिंगमध्ये माझंच असं झालं होतं. पहिला टेक हेडफोन लावून ऐकला तेव्हा "उजळ दिसू..." आणि पुढे नुसती वाऱ्याची फुंकर. दुसऱ्या टेकला मी "आजच्यापेक्षा"च्या आधी थांबून श्वास घेतला, तेव्हा "शकतात" पूर्ण आलं.

म्हणून "शकतात" तिथेच वापरा, जिथे ते काढलं तर वाक्य खरोखर खोटं ठरेल. आणि ते वापरलं की त्याच्या मागोमाग कारण द्या. वरच्या संहितेत लगेच "किती, ते प्रत्येकाचं वेगळं" येतं, ते त्यासाठीच.

मर्यादा कॅप्शनमध्ये किंवा खाली बारीक अक्षरात लिहिल्या तर?

2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. सूचना म्हणजे डिस्क्लेमर कसा असावा, हे त्यात स्पष्ट आहे. दावा ज्या भाषेत, सूचनाही त्याच भाषेत. दावा आवाजात केला असेल, तर सूचना त्या आवाजाच्या वेळीच आणि त्याच वेगाने आली पाहिजे. म्हणजे मराठीत बोलायचं आणि इंग्रजीत बारीक "अटी लागू" टाकायचं, हे बसत नाही. दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: दिशाभूल करणारा दावा करून तो सूचनेने दुरुस्त करता येत नाही. आवाजात "कायमचे" आणि खाली "परिणाम व्यक्तीनुसार बदलतात" असं लिहिलं, म्हणून सुटका होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत.

कायदा बाजूला ठेवला तरी बघणाऱ्याचा विचार करा. बसमध्ये कानात हेडफोन घालून रील ऐकणारा माणूस पडद्याच्या तळाकडे बघत नाही, आणि मुलगी मोबाइल पुढे धरून आईला रील दाखवते तेव्हा आईला चष्म्याशिवाय ती अक्षरं दिसत नाहीत. कॅप, शिवशिव आणि तपासणी या तीन गोष्टी मी आवाजात घेते. गरोदरपण आणि वयाची अट कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळींत लिहायला सांगते, कारण त्या आधी वाचल्या जातात.

आधी-नंतरचे फोटो दाखवले तर आवाजात काय बोलावं?

आधी फोटो कधी काढला ते विचारा. बैठक चालू असताना ओठ बाजूला धरलेले असतात, तोंड उघडं असतं आणि दात तासभर कोरडे राहतात. कोरडा दात ओल्या दातापेक्षा पांढरा दिसतो. खुर्चीवरून उठता उठता काढलेल्या फोटोत या कोरडेपणाचा पांढरेपणाही मिसळलेला असतो. लाळेने दात पुन्हा भिजले की काही दिवसांत तो थोडा खाली येतो, आणि मग "दोन दिवसांत पुन्हा पिवळे झाले" अशी तक्रार येते. रंग गेलेला नसतो. फोटोच चुकीच्या वेळी काढलेला असतो.

दोन आठवड्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच कॅमेऱ्याने, फिल्टर न लावता काढलेला फोटो वापरा. आधीच्या फोटोत ट्यूबलाइट आणि नंतरच्यात रिंगलाइट, असं नको. आवाजात एवढंच: "हा फोटो व्हाइटनिंगनंतर दोन आठवड्यांनी काढलेला. हा एका व्यक्तीचा निकाल." रुग्णाची लेखी संमती हवी, नुसते दात दिसत असले तरी.

"मोफत क्लिनिंग" म्हणायला काय हरकत आहे? आम्ही खरंच वेगळे पैसे घेत नाही.

व्हाइटनिंगचे पैसे भरल्याशिवाय ती सफाई मिळत नसेल, तर ती मोफत नाही, ती पॅकेजचा भाग आहे. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत "मोफत" या शब्दावर वेगळे नियम आहेत. म्हणून आम्ही "तपासणी, सफाई आणि व्हाइटनिंग मिळून" असं म्हटलं. ऐकायलाही ते जास्त वजनदार वाटतं.

बारा हजारांची जुनी किंमत तेव्हाच सांगा, जेव्हा तुम्ही ती खरोखर घेत होता आणि तसं बिल दाखवू शकता. त्या दवाखान्यात मी विचारलं, तेव्हा आधीचा दर आठ हजार निघाला. बारा हजार हा शहरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी दर होता. तो आकडा गेला. "ऑफर मर्यादित"ऐवजी शेवटची तारीख लिहा. आणि साडेसहा हजारांत बैठका किती, हे चौकशीला फोन करणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सांगा.

दंतवैद्यांना अशी ऑफर करायची परवानगी तरी आहे का?

हा प्रश्न संहितेच्या आधी विचारायला हवा. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2014 च्या सुधारित आचारसंहितेत रुग्णांना प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे आपल्याकडे ओढणं आणि स्वतःच्या कौशल्याकडे, पदव्यांकडे लक्ष वेधणारी जाहिरात करणं अनैतिक मानलं आहे. त्यामुळे "शहरातील नंबर एक", "सर्वोत्तम स्माइल डॉक्टर", "पाच हजार समाधानी रुग्ण" असं मी लिहितच नाही. सवलतीची रील टाकण्यापूर्वी डॉक्टरांनी राज्य दंत परिषदेकडे विचारून घ्यावं, असं मी पहिल्याच फोनवर सांगते. काही डॉक्टर विचारतात आणि मग किंमत काढून फक्त माहितीची रील करतात. वरच्या संहितेतलं किमतीचं वाक्य काढलं तरी बाकीची संहिता जशीच्या तशी उभी राहते, ती तशीच बांधली आहे.

रीलमध्ये बाहेरचा चेहरा आणून पैसे किंवा फुकट उपचार दिले असतील, तर ती जाहिरात आहे हे पडद्यावर ठळक मराठीत लिहा.

आवाज कसा लावायचा? उत्साह नसेल तर कोण थांबेल?

शेजारची ताई दातांच्या डॉक्टरांकडे काम करते आणि तुम्ही तिला जिन्यात गाठून विचारलंत, तर ती ज्या सुरात सांगेल, तो सूर पकडा. पहिला प्रश्न खरा विचारल्यासारखा, त्यानंतर अर्धा सेकंद शांतता. "कॅप आणि फिलिंगचा रंग मात्र बदलत नाही" इथे आवाज खाली नेऊ नका. मर्यादा सांगताना आवाज पडला आणि किंमत सांगताना चढला, की ऐकणाऱ्याला लपवाछपवी जाणवते. कॅपच्या आणि शिवशिवण्याच्या वाक्यांखाली संगीत थोडं कमी करा. "शिवशिवू" हा शब्द आवाज कलाकार अडखळत वाचतात आणि मग "सेन्सिटिव्हिटी" घालायला बघतात. तो बदलू नका. गार पाणी लागल्यावर काय होतं, ते या एका शब्दात गावातल्या माणसालाही कळतं.

रीलखाली "माझे होतील का?" अशा कमेंट येतात. काय उत्तर द्यायचं?

"हो नक्की, या!" हे उत्तर देऊ नका. आवाजात जपलेलं सगळं त्या तीन शब्दांत जातं. त्या दवाखान्यात कमेंट बघणाऱ्या मुलीला मी हे लिहून दिलं आणि ती अजून तेच वापरते: "बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पुढच्या दातांवर कॅप किंवा फिलिंग आहे का? गार-गरम लागतं का? हे येताना डॉक्टरांना आवर्जून सांगा."